गाणाऱ्याला ताण घ्यायला जागा कुठून मिळते? नाट्यपदातल्या लांब अक्षरांचं गणित

जत्रेतल्या नाटकात गायक पदाची एकच ओळ धरतो आणि पाच-सात मिनिटं तिच्यातच घोळत राहतो. ओळीत शब्द असतात जेमतेम चार-पाच. तरी ऐकणारा कंटाळत नाही, उलट ‘वन्स मोअर’ देतो. अनेकांना वाटतं, ही सगळी कमाल गळ्याची. गळा तर लागतोच, पण निम्मं काम पद लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. त्याने ओळीत अशी अक्षरं पेरलेली असतात की गायकाला तिथे थांबता येतं, आलाप करता येतो, तान घेता येते. ही अक्षरं कोणती आणि ती चुकली तर काय होतं, ते सोप्या भाषेत पाहू.

हाक मारताना काय होतं?

दोन शेतं पलीकडे असलेल्या गणपतला बोलवायचं असेल तर कुणी ‘गणपत्’ असं ओरडत नाही. ‘गणपाऽऽ’ अशी हाक जाते. महादेवाचा ‘म्हादेवाऽऽ’ होतो. कारण साधं आहे. ‘त’ किंवा ‘व’ म्हणताना जीभ किंवा ओठ वाट अडवतात, आवाज तिथेच संपतो. ‘आ’ म्हणताना तोंड उघडं राहतं, त्यामुळे दम असेपर्यंत आवाज चालू राहतो. भजनातही हेच होतं. विठ्ठलाचं नाव घेताना बुवा ‘विठ्ठला’ म्हणतात आणि शेवटच्या ‘ला’वर सूर धरतात.

गाण्यात सूर धरता येतो तो स्वरांवर, म्हणजे आ, ई, ऊ, ए, ओ यांच्यावर. त्यातला ‘आ’ सगळ्यात मोकळा. वरच्या पट्टीत गेल्यावर गळ्याला तोच सोपा पडतो, म्हणून बहुतेक ताना ‘आ’कारात असतात. ‘ई’वर आवाज बारीक आणि टोकदार होतो. ‘ऊ’ला ओठ आवळले जातात, त्यामुळे तो खालच्या सुरात बरा वाटतो, वर गेला की कोंडतो. ‘ए’ आणि ‘ओ’ मधले. मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, ते चांगले.

मराठीची एक अडचण

संगीत नाटकाची वाट अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ करून घालून दिली. त्या पिढीच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा अशा लोकांच्या कानात बसलेल्या चाली भरपूर होत्या. गाणं शब्दांच्या मागे चालायचं. 1911 साली ‘मानापमान’ आलं तेव्हा हा क्रम बराचसा उलटला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं होतं. त्यांनी हिंदुस्थानी ठुमरी वगैरेंच्या चाली घेतल्या आणि नाटककार काकासाहेब खाडिलकरांनी त्या चालींवर मराठी शब्द बसवले. पुढे 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी खयालाच्या अंगाच्या चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या गायल्या.

आधी चाल आणि मग शब्द म्हटलं की अडचण उभी राहते. मूळ बंदिश ब्रज किंवा हिंदी बोलीतली. तिथे पिया, सैंया, मोरी असे शब्द स्वरावरच संपतात. मराठी बोलीत मात्र घर, शेत, पाऊस, माणूस असे कितीतरी शब्द व्यंजनावर संपतात. चाल म्हणते इथे चार मात्रा थांब, आणि शब्द म्हणतो माझं तोंड बंद झालं.

यावर पद लिहिणाऱ्यांनी जुन्या कवितेतली रूपं वापरली. ‘मनात’ऐवजी ‘मनी’, ‘वनात’ऐवजी ‘वनी’, ‘करतो’ऐवजी ‘करी’. नाव घेण्याऐवजी हाक: नाथा, देवा, सखे. आणि मध्ये मध्ये रे, हो, ना, का. पद वाचताना काहींना ही भरती वाटते. गायकाच्या दृष्टीने मात्र त्या थांबायच्या जागा असतात, म्हणून नाट्यपदांत त्या इतक्या दिसतात.

एक ओळ उलगडून पाहू

समजा, पाऊस लांबलाय आणि नाटकातला शेतकरी ढगाला हाक मारतो. केवळ समजावण्यापुरत्या दोन ओळी घेऊ. पहिली: ‘करपत वन हे जल नच पडता’. दुसरी: ‘मेघा रे ये रानी माझ्या’.

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन असं मोजलं तर दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या भरतात. दोन्ही तीनतालात बसतात. पण पहिलीत चौदा अक्षरं आहेत आणि त्यातली बारा ऱ्हस्व. गायकाला प्रत्येक मात्रेला नवं अक्षर उच्चारावं लागतं. थांबायला जागा फक्त ‘हे’ आणि ‘ता’ या दोनच. दुसरीत अक्षरं आठच आहेत आणि आठही दीर्घ.

आता दुसरी ओळ तीनतालात मांडू. ‘मेघा रे ये’ नवव्या मात्रेपासून सुरू होतं. मे, घा, रे, ये यांना दोन-दोन मात्रा दिल्या की सोळावी मात्रा संपते आणि पुढचा ‘रा’ बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर पडतो. समेवर तबल्याचा जोर असतो आणि ऐकणाऱ्याची मानही तिथेच डोलते, म्हणून तिथे वजनदार शब्दाचं मोकळं अक्षर हवं. इथे ते ‘रानी’चा ‘रा’ आहे. नवव्या मात्रेपासून समेपर्यंतचा हा तुकडा म्हणजे मुखडा. गायक कुठेही फिरून आला तरी परत यायचं ते मुखड्यावर.

गायक आधी ओळ एक-दोनदा सरळ म्हणतो. शब्द ऐकणाऱ्यांच्या डोक्यात बसायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं नुसतं ‘आऽऽ’ वाटतं. मग तो ‘मेघा’ म्हणतो आणि ‘घा’वर थांबतो. एका सेकंदाला एक मात्रा धरली तर सरळ गाताना ‘घा’च्या वाट्याला दोन सेकंद येतात. आता तो तिथेच तालाची तीन आवर्तनं आलाप करतो, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. ढगाला मारलेली हाकच लांबलेली असते, त्यामुळे अर्थाला धक्का लागत नाही. उलट शेतकऱ्याची आर्जवं वाढल्यासारखी वाटतात. मग मुखडा घेऊन समेवर येतो.

पुढच्या फेरीत ‘ये’वर मींड घेतली की विनवणी ऐकू येते. त्यानंतरच्या फेरीत ‘रानी’च्या ‘नी’वर बारीक, हळवं काम. शेवटी ‘माझ्या’च्या ‘झ्या’वरून ‘आ’कारातली जोरकस तान आणि धाडकन मुखडा. ओळ एकच, पण थांबायची जागा बदलली की भाव बदलतो. प्रत्येक तुकड्याला असं एखादं मोकळं अक्षर असणं, हेच गायकी अंगाच्या पदाचं वैशिष्ट्य.

ऱ्हस्व ओढलं की अर्थ फिरतो

आता हाच गायक पहिल्या ओळीत ‘जल’वर थांबायला गेला तर काय होईल? ‘ज’ ओढला की ऐकू येतं ‘जाल’. ‘वन’ ओढलं की ‘वान’ होतं. असे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. ‘दिन’ म्हणजे दिवस, ओढला की ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ओढला की ‘सूत’. ‘बल’चं ‘बाल’, ‘मन’चं ‘मान’. म्हणून चाल जिथे लांबते तिथे मुळातच दीर्घ अक्षर द्यायचं, हा पद लिहिणाऱ्याचा पहिला नियम.

दुसरी चूक श्वासाची. ‘मेघा रे ये रा’ म्हणून गायकाने दम घेतला आणि मग ‘नी माझ्या’ म्हटलं, तर शब्दाचे दोन तुकडे पडतात. श्वास घ्यायचा तो ‘रे’ नंतर, किंवा ‘रानी’ पूर्ण झाल्यावर. ‘नी’ जड उच्चारला तर ‘राणी’ ऐकू येतं आणि रानात बोलवलेला ढग भलतीकडेच जातो. गावात जुन्या चालीवर नवं पद रचणाऱ्या पोरांना या गोष्टी कागदावर दिसत नाहीत, पेटीवर बसल्यावर दिसतात. म्हणून एक सोपी परीक्षा आहे. मूळ चाल शब्दांशिवाय नुसती गुणगुणायची, ती जिथे थांबते तिथे खूण करायची आणि नव्या ओळीतलं त्या खुणेखालचं अक्षर पाहायचं. तिथे ऱ्हस्व अक्षर किंवा अर्धं व्यंजन आलं तर शब्द बदलायचा. चाल ओढूनताणून बसवायची नाही.

सगळंच लांब करून चालत नाही

याचा अर्थ प्रत्येक पद आठ दीर्घ अक्षरांचं करावं असा नाही. भांडण, थट्टा, घाईची बातमी असल्या प्रसंगांना ऱ्हस्व अक्षरांची धावती ओळच शोभते. वीररसाच्या पदात ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ असली जोडाक्षरं आघात देतात, तिथे ‘आ’चा मोकळेपणा मिळमिळीत वाटेल. शिवाय सगळीकडे ‘आ’च आला तर गाणं एकसुरी होतं. मध्ये ‘ई’, ‘ए’ आले म्हणजे आवाजाचा रंग बदलतो.

मोकळ्या जागेचा दुसरा धोका नाटकालाच आहे. बालगंधर्वांच्या काळात पदं आणि ‘वन्स मोअर’ यांमुळे प्रयोग रात्रभर चालत. गाणं रंगायचं, पण तोवर कथा जागच्या जागी उभी राहायची. पुढे 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकी यांनी पदं आटोपशीर केली. रागदारी ठेवली, पसारा कमी केला. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये मात्र दोन घराण्यांचं गाणं हाच कथेचा विषय होता. तिथे पंडित वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब लांब ताना घ्यायचा तेव्हा नाटक थांबत नव्हतं, पुढे सरकत होतं.

पुढच्या जत्रेत पद ऐकताना गायक नेमका कोणत्या अक्षरावर थांबला, तेवढं लक्ष देऊन पाहावं. थांबूनही शब्द तोच ऐकू आला, तर गायकाइतकंच पद लिहिणाऱ्यालाही काम येत होतं असं समजावं.