पावणेतेरा लाख म्हणजे किती मिलियन?

व्हिडिओत आकडे फळ्यावर भराभर झाले, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

समजा, आपल्या बदलापूरच्या शिरगावात एका ताईंना मसाल्याचं युनिट टाकायचंय. ग्राइंडर आणि पॅकिंग मशीनचं कोटेशन एका मोठ्या कंपनीकडून आलं. त्यात किंमत लिहिलीय: १.२७५ मिलियन रुपये. आता बँकेत जाऊन तोंडी किती सांगायचं?

बरेच जण मिलियन म्हणजे कोटी समजतात. तसं धरलं तर हे एक कोटी साडेसत्तावीस लाख होतात आणि ताई मशीनचा नादच सोडून देतील. पण एक मिलियन म्हणजे दहा लाख. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘दशलक्ष’ तो हाच. म्हणून मिलियनला दहाने गुणा, म्हणजे दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकवा. १.२७५ मिलियनचे झाले १२.७५ लाख, बोलीत पावणेतेरा लाख. (कोटेशन डॉलरमध्ये असेल तर आधी रुपये करा, मग हे.)

कोटीत हवं असेल तर उलटं, मिलियनला दहाने भागा. उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योगासाठी उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आहे. इंग्रजी रिपोर्टमध्ये तीच १०० मिलियन दिसेल. आणि बिलियन म्हणजे आपला अब्ज, शंभर कोटी. त्याची गरज आपल्याला बातम्या वाचतानाच पडते, तूर्तास तरी!

खात्री करायची तर रक्कम पूर्ण लिहून काढा आणि स्वल्पविराम बघा. आपल्याकडे उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन: १२,७५,०००. पहिल्या स्वल्पविरामाच्या डावीकडे हजार, दुसऱ्याच्या डावीकडे लाख, तिसऱ्याच्या डावीकडे कोटी. इंग्रजी पद्धतीत सगळीकडे तीन-तीन: १,२७५,०००. रक्कम तीच, फक्त तिथे दुसऱ्या स्वल्पविरामाच्या डावीकडे मिलियन असतात. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये तीन अंक दिसले की समजायचं, हा आकडा लाखात वाचायचा नाही.

एक्सेलमध्ये बहुतेकदा तीन-तीनचीच पद्धत येते. सेल निवडून Format Cells मध्ये Custom वर जा आणि हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

तोट्याची, म्हणजे उणे रक्कम मात्र याने तीन-तीनमध्येच दिसते, तेवढं लक्षात ठेवा.

आता बोलण्यातली गंमत. सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द पुढच्या एककाला लागतात. सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा हजार म्हणजे १,२५०, सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. ‘सव्वा’ तोच, पण पाव कशाचा ते बदललं. पावणेतेरा लाखात तेरातून पाव लाख, म्हणजे २५,००० कमी. फोनवर हा ‘पावणे’ पटकन गिळला जातो आणि समोरचा तेरा लाख लिहून घेतो. म्हणून भाव ठरवताना पावणेतेरा म्हणा खुशाल, पण शेवटी एकदा ‘बारा लाख पंच्याहत्तर हजार’ असं फोडून सांगा.

दोन अंकी आकड्यांचंही तसंच. एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिणारी हुशार मुलं मी बघितलीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! भाषेचा वाद राहू दे बाजूला, पण फोनवर रक्कम पक्की करताना मी ‘एकोणसत्तर, सहा-नऊ’ असंच सांगतो.

दशांशातही एक खड्डा आहे. १.५ लाख म्हणजे दीड लाख, पण १.०५ लाख म्हणजे एक लाख पाच हजार. दोन्ही ‘एक पॉइंट पाच’ असे वाचले तर ४५,००० चा फरक. मधलं शून्य उच्चाराच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये रकान्याच्या डोक्यावर ‘रु. लाखांत’ असेल तर खाली १२.७५ लिहायचं. तिथे १२,७५,००० लिहिलं तर त्याचा अर्थ पावणेतेरा लाख लाख होतो, आणि बँकेचा माणूस फाइल परत देतो.

चेकवर तर अक्षरंच मोठी. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरातली रक्कम धरली जाते. प्रत्यक्षात बँका असा चेक बहुधा परतच पाठवतात. म्हणून आधी ‘बारा लाख पंच्याहत्तर हजार फक्त’ लिहा, ते मोठ्याने वाचा आणि मगच चौकटीत आकडा भरा.