तांब्याच्या पाइपात चुंबक का रेंगाळतो?

मीटरभर लांबीचा तांब्याचा पाइप उभा धरून वरून साधा नट सोडला, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली टपकतो. नटाऐवजी पाइपात जेमतेम मावेल असा निओडायमियमचा चुंबक सोडा. त्याला खाली यायला काही सेकंद लागतात. पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती चुंबक अडकल्याची. पण तांबं चुंबकाला चिकटत नाही, आणि वरून डोळा लावला तर चुंबक आत निवांत उतरताना दिसतो.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज वाहते, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. ती कोणत्या दिशेने वाहील, याचा नियम हाइनरिश लेन्झने 1834 मध्ये मांडला: ज्या बदलामुळे ती निर्माण झाली, त्याच बदलाला ती विरोध करते.

पाइप म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या कड्या समजा. चुंबकाच्या खालच्या कडीतलं क्षेत्र वाढत असतं. ही वाढ रोखण्यासाठी तिच्यात अशी विद्युतधारा फिरते, की चुंबकासमोर सजातीय ध्रुव येतो आणि तो त्याला वर ढकलतो. वरच्या कडीतलं क्षेत्र मात्र घटत असतं. तिथे धारा उलटी फिरते आणि चुंबकाला मागे ओढते. खालून रेटा, वरून ओढ. दोन्ही वरच्याच दिशेने. चुंबक उलटा करून सोडला तरी फरक पडत नाही. धातूत अशा गोल फिरणाऱ्या धारांना एडी करंट म्हणतात.

हा विरोध चुंबकाला नसून बदलाला आहे, म्हणून चुंबक मध्येच थांबत नाही. थांबला तर बदल संपेल, धारा मरेल आणि ब्रेक सुटेल. वेग वाढला की विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. विरोध वजनाइतका झाला की वेग स्थिर होतो, आणि हे पाइपात शिरल्यावर लगेचच घडतं.

पाइपला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडली, तर कड्या तुटतात आणि चुंबक बराच भरभर पडतो. तरीही नटाइतका नाही, कारण उरलेल्या पत्र्यात छोटे भोवरे फिरतच राहतात. अॅल्युमिनियमच्या तेवढ्याच जाड पाइपातही तो तांब्यापेक्षा लवकर उतरतो, कारण त्यात वीज तितक्या सहज वाहत नाही. प्लॅस्टिकच्या पाइपात तर धाराच नाही, तो नटासारखाच पडतो.

मग पडण्याची ऊर्जा जाते कुठे? पाइप तापतो. अर्थात हाताला कळण्याइतका नाही: दहा ग्रॅमचा चुंबक मीटरभर उतरला, तर अर्धा किलो तांब्याचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. वजनाचा हिशोब मात्र तराजूवर दिसतो. पाइप काट्यावर उभा करून चुंबक सोडला, की तो स्थिर वेगाने उतरत असेपर्यंत काटा दहा ग्रॅम जास्त दाखवतो, चुंबक पाइपला कुठेही टेकलेला नसला तरी.