चुकलं तर पुन्हा वाच

हिब्रू पंचांगाने मुलगा 13 वर्षांचा झाला की शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये त्याला तोराजवळ बोलावतात. चर्मपत्राच्या त्या गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना सुरांच्या खुणा. दोन्ही आधीच पाठ हवं. अक्षरांना बोट लावायचं नाही, म्हणून हातात चांदीची काडी. अर्थ बदलणारा उच्चार चुकला, तर शेजारी उभा असलेला जाणकार तिथेच थांबवतो आणि शब्द पुन्हा वाचायला लावतो.

त्याआधी आजोबा, वडील यांनाही आशीर्वचन म्हणायला पुकारतात. वडिलांचं आणखी एक वाक्य मात्र गमतीचं: याच्या चुकांच्या जबाबदारीतून मला सोडवलंस, देवा, तुझे आभार! सनातनी सिनेगॉगमध्ये आई वरच्या सज्जात बसते. वाचन संपताच तिथून मऊ गोळ्यांचा वर्षाव होतो.