बोरू तासताना कथा थांबू नये

पेशवाईवरच्या कादंबरीच्या हस्तलिखितात कारकून पत्र लिहायला बसतो आणि बोरू, शाई, मोडी लिपी यांवर अर्धं पान खर्ची पडतं. तो मजकूर गाळून पाहावा. प्रसंगाचं काहीच अडलं नाही, तर ती नुसती टिपणं आहेत. दुसरी खूण म्हणजे दोन कारकून एकमेकांना ठाऊक असलेलंच समजावत बसतात.

आता दारात जासूद खोळंबलाय असं धरू. ऐन वेळी बोरूचं टोक फाटतं. कारकून ते चाकूनं तासतो, भराभर लिहितो, ओल्या अक्षरांवर वाळू टाकतो. घाईत हात लागून एक नाव पुसटतं. तपशील तेच, पण आता त्यांच्यामुळे पत्राला उशीर होतो आणि संशय भलत्याच माणसावर जातो.