सशाचा डोळा, पडद्यावर

कोल्हापुरात बी. फार्मसीचे विद्यार्थी सशाच्या डोळ्याचा प्रयोग आता संगणकावर शिकतात. २०१६ पासूनच्या देशव्यापी अभ्यासक्रमातच तशी सोय आहे. पडद्यावरच्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब टाकला की बाहुली मोठी होते आणि उजेड पाडला तरी आकसत नाही. एफेड्रिननेही ती मोठी होते, पण उजेडात आकसते. फरक असा कळतो.

रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: प्राण्याऐवजी पर्याय, प्राण्यांची कमी संख्या, कमी वेदना. पडद्यावरचा डोळा हा पहिल्याचा नमुना.

मात्र असे सॉफ्टवेअर ठाऊक असलेलेच उत्तर देते. नवे औषध पेशींना मारते का, हे बशीत वाढवलेल्या पेशींवर दिसते. यकृतातून गेल्यावर ते संपूर्ण शरीरात काय करील, हे त्या पेशी सांगू शकत नाहीत. तिथे उरलेली दोन तत्त्वे पाळावी लागतात.