सातबाऱ्याचा फोटो वाचताना

गावाकडून व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो येतो आणि शहरातल्या नातेवाइकांचे डोळे आधी क्षेत्राच्या आकड्यावर जातात. तिथे लिहिलेलं असतं १.२८.००. कुणीतरी लगेच सांगून टाकतं, ‘म्हणजे एक एकर अठ्ठावीस गुंठे.’ खरं तर ती जमीन तीन एकरांहून जास्त आहे. वाटणीची बोलणी अशा चुकीच्या आकड्यावर सुरू झाली, की पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो.

या उताऱ्याचा एक नमुना समजून घेण्यासाठी घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण खऱ्या उताऱ्यावर ते जसे असतात तसेच इथे मांडले आहेत. वडील वारले आहेत, मागे आई, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी आहे. फोटो उताऱ्याच्या वरच्या भागाचा, म्हणजे गाव नमुना सातचा आहे. खालचा नमुना बारा पिकांचा असतो. दोन्ही मिळून सातबारा.

वर डावीकडे गट क्रमांक आहे : २१४/२. तिरक्या रेघेनंतरचा २ हा उपविभाग. २१४ नंबरच्या गटाची कधीतरी फोड झाली आणि हा त्यातला दुसरा तुकडा. गट क्रमांक गावापुरताच असतो. शेजारच्या गावातही २१४/२ असू शकतो, म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा फोटोत दिसला नाही तर नुसत्या नंबराला अर्थ नाही.

आजोबांच्या खरेदीखतात मात्र सर्व्हे नंबर ८७ लिहिलेला असतो, आणि घरात शंका सुरू होते की ही जमीन तीच की दुसरी. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांना नवे गट क्रमांक दिले गेले. जिथे ही योजना झाली नाही, तिथे आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. जिथे झाली, तिथे जुना नंबर कोणत्या गटात गेला हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुळवावं लागतं. अंदाजानं जुळवू नये.

नंबराच्या जवळच भूधारणा पद्धती लिहिलेली असते. ‘भोगवटादार वर्ग १’ म्हणजे मालकाला जमीन विकायला सहसा सरकारची परवानगी लागत नाही. ‘वर्ग २’ म्हणजे हस्तांतरावर बंधन आहे, आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. हे दोन शब्द लहान अक्षरांत असतात आणि व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच.

आता नावं. आपल्या नमुन्यात वडिलांच्या नावावरून आडवी रेघ गेली आहे. फोटोत ती कागदाची घडी किंवा तक्त्याची रेघ वाटू शकते, म्हणून फोटो मोठा करून पाहावा. रेघ असलेलं नाव कमी झालेलं आहे, त्या व्यक्तीचा आज हक्क दाखवलेला नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर यासाठीच नावाला कंस करत. वडिलांच्या नावाखाली आई, मुलगा आणि मुलगी यांची नावं आहेत आणि समोर कंसात एक आकडा, (१४८२). तो फेरफार क्रमांक. ही नावं कशी लागली, वारसानं, खरेदीनं, वाटपानं की बक्षीसपत्रानं, ते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, या क्रमांकाखाली सापडतं. ज्याला जमिनीचा इतिहास हवा आहे त्यानं या कंसातल्या आकड्यांचे फेरफार मागे मागे काढत जावं.

तिन्ही नावांच्या खाली ‘सामाईक क्षेत्र’ असं लिहून एकच क्षेत्र दिलं आहे. याचा अर्थ वाटप झालेलं नाही. बांधापासून बांधापर्यंत कुणाचा कोणता तुकडा, हे हा उतारा सांगत नाही. कुणाचा हिस्सा किती, तेही त्यावरून ठरत नाही. ते वारसा कायद्यावरून आणि पुढे होणाऱ्या वाटपावरून ठरतं. ‘माझ्याच नावावर वरची ओळ आहे’ या म्हणण्याला तर काहीच आधार नाही.

क्षेत्राचे तीन भाग असतात : हेक्टर, आर आणि चौरस मीटर. १.२८.०० म्हणजे एक हेक्टर अठ्ठावीस आर. शंभर आरचा एक हेक्टर, म्हणून हे झाले १२८ आर. एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. त्यानं भागलं की उत्तर येतं तीन एकर आणि साधारण साडेसहा गुंठे. एक आर आणि एक गुंठा जवळपास सारखे असल्यामुळे गोंधळ वाढतो : आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा. पण हेक्टरात आर शंभर असतात आणि एकरात गुंठे चाळीसच. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर मात्र १-२८ हे खरोखरच एकर-गुंठे असू शकतात. तिथे रकान्याच्या डोक्यावर एकक काय लिहिलंय ते पाहूनच बोलावं.

आपल्या नमुन्यात नावासमोर १.२०.०० आहे आणि ‘पो.ख.’ रकान्यात ०.०८.००. दोन्हींची बेरीज १.२८.००. पो.ख. म्हणजे पोटखराब, मालकीतलाच पण लागवडीला न येणारा भाग. त्यातला वर्ग ‘अ’ खडक, नाला, घळ अशा कारणांनी पडीक असतो. वर्ग ‘ब’ रस्ता, कालवा अशा सार्वजनिक वापराखाली असतो. शेजारचा ‘आकार’ ३.४५ हा शेतसारा आहे, रुपये-पैशांत. त्याचा जमिनीच्या बाजारभावाशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो उजव्या बाजूच्या ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्याला. दुर्दैवानं फोटोत नेमकी हीच कड कापली जाते. इथे समजा दोन नोंदी आहेत. पहिली : ‘बोजा, विकास सोसायटी, रु. ८५,०००’. कर्ज घेताना जमीन तारण लागली, असा याचा अर्थ. आकडा नोंदीच्या दिवशीचा आहे, आजची बाकी त्याहून कमी किंवा जास्त असू शकते. उलट, कर्ज फिटलं तरी नोंद आपोआप जात नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला देऊन बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो, त्याचाही फेरफार होतो. कितीतरी घरांत वीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज उताऱ्यावर अजून उभं असतं.

दुसरी नोंद : ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. आजोबांना ही जमीन कूळ म्हणून कायद्यानं विकत मिळाली होती आणि तिच्या हस्तांतरावर बंधन आहे, असं ती सांगते. २०१४च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला किंवा ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर ठरलेल्या अटी पाळून आकारणीच्या चाळीसपट नजराणा भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. ३.४५ च्या चाळीसपट म्हणजे १३८ रुपये. एवढी रक्कम भरलेली नाही म्हणून लाखोंचा व्यवहार थांबू शकतो.

रकाना कोरा असला म्हणून जमीन निर्वेध आहे, असं मात्र धरून चालू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला साठेकरार किंवा कोर्टातला दावा इथे उतरलेला असेलच असं नाही. त्यासाठी वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्यावा लागतो. महसूल कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकीचा वाद निघाला तर शेवटी खरेदीखत, वाटपपत्र, वारसा असे मूळ आधार तपासले जातात.

फोटोवरून अर्थ कळतो, व्यवहार करता येत नाही. bhulekh.mahabhumi.gov.in वर उतारा फुकट पाहता येतो, कायदेशीर कामाला digitalsatbara.mahabhumi.gov.in वरची डिजिटल स्वाक्षरीची प्रत पंधरा रुपयांत मिळते. नवी प्रत काढली की ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ आधी पाहावी. तिथे ‘नाही’ ऐवजी एखादा क्रमांक असेल, तर कुठला तरी बदल तलाठ्याकडे नोंदवला गेला आहे आणि मंजूर व्हायचा आहे. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, म्हणून त्या क्रमांकाची चौकशी त्याच आठवड्यात करावी.