परत येणारं पार्सल

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी दुकान काढलं. त्याला शटर नव्हतं, गल्ला नव्हता, मालही नव्हता. विकायला एकच वस्तू होती, चार्जिंगवर चालणारा लसूण-मिरचीचा छोटा चॉपर, आणि तीही त्याने कधी हातात घेतलेली नव्हती. चॉपर होते दूरच्या एका गोदामात, पुरवठादाराकडे. भाच्याकडे होती एक वेबसाइट आणि फोनवर चालणारी पंधरा सेकंदांची जाहिरात.

यालाच ड्रॉपशिपिंग म्हणतात. गिऱ्हाईक भाच्याच्या साइटवर ऑर्डर देतं, भाचा तीच ऑर्डर पुरवठादाराला कळवतो आणि गोदामातून पार्सल थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातं. मधल्या फरकावर भाचा जगतो. यात दलालीचाच जुना धागा आहे, फक्त जुन्या दलालाला माल आणि माणसं दोन्ही डोळ्यांसमोर दिसायची. इथे भाच्याला दोन्ही दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र त्याचंच नाव दिसतं, त्यामुळे उशीर कोणीही केला तरी बोलणी त्यालाच खावी लागतात.

पहिल्या दिवशी त्याने मला वहीत हिशेब दाखवला होता. विक्री ६९९ रुपये. माल २४०, कुरिअर ८०, घरपोच पैसे गोळा करण्याचे म्हणजे सीओडीचे ३०, जाहिरात एका ऑर्डरमागे १८०. उरले १६९. “मामा, शंभर ऑर्डरी म्हणजे १६,९००!” गुणाकार बिनचूक होता. चूक होती ती प्रत्येक ऑर्डर म्हणजे विक्री, असं धरण्यात.

आपल्याकडे असल्या वस्तू मागवणारे पुष्कळ लोक आधी पैसे भरत नाहीत. पार्सल दारात आलं की बघू, असा हिशेब असतो. ऑर्डर देताना खिशातून काही जात नाही, त्यामुळे ती मोडतानाही काही जात नाही. खात्री करायला भाचा फोन लावायचा. “ताई, तुम्ही चॉपर मागवलाय ना?” पलीकडून, “कोण बोलतंय? अहो, पोराने दाबलं असेल ते.” शंभरातल्या दहा ऑर्डरी अशा फोनवरच गळायच्या. उरलेली नव्वद पार्सलं निघायची, त्यातली सत्तावीस परत यायची. या परतीला धंद्यात आरटीओ म्हणतात. आपल्याला या शब्दाने लायसन्सची रांग आठवते. ड्रॉपशिपिंगवाल्याला मात्र घाम फुटतो.

आता वही पुन्हा उघडू. त्रेसष्ट चॉपर खरोखर विकले गेले, त्यांचे ४४,०३७ रुपये आले. त्यांच्या मालाला १५,१२० लागले. कुरिअर मात्र नव्वद पार्सलांचं, ७,२०० रुपये. त्रेसष्ट ठिकाणी गोळा केलेल्या पैशांचे १,८९०. सत्तावीस पार्सलं परत आणायचं भाडं ७० रुपयांनी १,८९०. आणि जाहिरात शंभर ऑर्डरींची, कारण फोनवर नाही म्हणालेल्या ताईंनीही ती पाहिलीच होती: १८,०००. एकूण खर्च ४४,१००. म्हणजे १६,९०० च्या नफ्याऐवजी ६३ रुपये तोटा. परत आलेला प्रत्येक चॉपर पुरवठादाराने कुरकुर न करता पूर्ण किमतीला ठेवून घेतला, एकही फुटला नाही, कोणी पैसे परत मागितले नाहीत, असं धरून. वेबसाइटचं भाडं आणि जीएसटीची कटकट तर मी यात घेतलेलीच नाही. हे दुसरं प्रकरण अनेक नवखे विसरतात. आपल्या साइटवरून राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते.

याच वहीत एक आकडा दडलेला आहे. एक पार्सल स्वीकारलं जाण्याऐवजी परत आलं, तर हिशेबात ४९९ रुपयांचा फरक पडतो. ६९९ येत नाहीत, मालाचे २४० आणि सीओडीचे ३० वाचतात, परतीचे ७० वाढतात. म्हणजे एक नकार सुमारे तीन ऑर्डरींचा कागदावरचा नफा खातो. नव्वदातली सत्तावीसऐवजी अठराच परत आली असती, तर हाच माणूस साडेचार हजारांच्या आसपास कमावून बसला असता. छत्तीस आली असती तर तेवढेच घालवून.

मग ही पार्सलं परत का येतात? मला वाटायचं लोक लहरी आहेत. भाच्यानेही तेच धरलं होतं. एका रविवारी आम्ही परत आलेल्या पार्सलांच्या तारखा लावत बसलो. ऑर्डर कधी आली, कुरिअरने पार्सल पहिल्यांदा कधी स्कॅन केलं, दारात कधी पोचलं. प्रवासाला फार वेळ लागत नव्हता. वेळ जात होता गोदामात. रविवारी रात्रीची ऑर्डर सोमवारी फोनवर पक्की व्हायची आणि पुढे दोन-तीन दिवस स्क्रीनवर “Pickup Pending” एवढंच दिसायचं. पुरवठादार असल्या अनेक दुकानांना माल देत होता. त्याच्या यादीत शंभर नग दिसत असताना फळीवर कधी वीसच असायचे. नवा माल आला की पार्सल निघायचं, आणि तालुक्याच्या गावी आठव्या दिवशी पोचायचं.

आठ दिवसांत हौस विरते. बाजारात तसाच चॉपर तीनशेला दिसतो, किंवा घरातलं कोणी विचारतं की हे कशाला मागवलंस. डिलिव्हरीवाल्याचा अनोळखी नंबर उचलला जात नाही. कधी तो दारात न जाताच “Customer not reachable” लिहून मोकळा होतो. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की “RTO Initiated” दिसतं. आमच्या यादीत पाच दिवसांच्या आत पोचलेली पार्सलं क्वचितच परतली होती. उशीर आणि तुटपुंजं मार्जिन ही मला दोन वेगळी दुखणी वाटत होती. ती एकच निघाली.

अमेरिकेत बुटांचा ऑनलाइन व्यापार करणाऱ्या झॅपॉसनेही सुरुवात याच पद्धतीने केली होती. माल कंपन्यांच्या गोदामात, विक्री साइटवर. कंपन्यांचे साठ्याचे आकडे कधीच बिनचूक नसायचे आणि बूट वेळेवर निघायचे नाहीत. विक्रीतला सुमारे चौथा हिस्सा यातून येत असूनही २००३ मध्ये त्यांनी हे बंद केलं आणि फक्त आपल्या गोदामातला माल विकायला घेतला.

भाच्याला एवढी ऐपत कुठली. बिनभांडवली म्हणून तर तो यात उतरला होता. प्रत्यक्षात जाहिरातीचे पैसे कार्डावरून रोज कापले जात. माल आणि कुरिअरचे पैसे पार्सल निघतानाच द्यावे लागत. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे मात्र कुरिअर कंपनीकडून आठवड्याने यायचे. ऑर्डरपासून पैसे हातात येईपर्यंत पंधरा दिवस. दिवसाला दहा ऑर्डरी धरल्या तर रोज ४,६८० रुपये बाहेर, म्हणजे पहिला रुपया येण्याआधी सत्तर हजार अडकलेले. जाहिरात छान चालली आणि ऑर्डरी दुप्पट झाल्या, तर अडकलेले पैसेही दुप्पट. भाच्याचं कार्ड थकलं ते नेमकं त्याच्या सगळ्यात चांगल्या आठवड्यात.

नंतर त्याने जाहिरात आठवडाभर थांबवली. उधारी करून पन्नास चॉपर आणून गॅलरीत ठेवले, लांबचे पिनकोड बंद केले आणि आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपये सूट दिली. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, परतीची पार्सलं त्याहून कमी. दिवसाला पाच-सहा जातात. पार्सलं बांधायला आता त्याची आई बसते, आणि बांधण्याआधी प्रत्येक चॉपर एकदा चालवून बघते.